जोडपान आणि वाचनक्रम : जुन्या पुस्तिकांची पीडीएफ करण्यापूर्वी

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखन-भाषणांचे खंड महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केले. ‘मूकनायक’ आणि ‘बहिष्कृत भारत’ यांचेही पुनर्मुद्रण झाले. त्यामुळे हे साहित्य आज सुरक्षित हाती आहे. परंतु त्याच काळात आणि त्यानंतर घरोघर पोहोचलेले एक वेगळे वाङ्मय आहे. नागपूरच्या दीक्षाभूमीवर किंवा दादरच्या चैत्यभूमीवर पथारीवरून विकत घेतलेली वंदनेची पुस्तिका, भीमगीतांची चोपडी, जलशाच्या पदांचा संग्रह, एखाद्या वस्तीतील मंडळाची स्मरणिका, वसतिगृहातील मुलांनी काढलेला अंक असे त्याचे स्वरूप आहे. सोळा किंवा बत्तीस पृष्ठे, मध्यभागी दोन पिना, पातळ कागद. यांतील कित्येक पुस्तिकांची एखादीच प्रत कोणाच्या तरी पेटीत उरली आहे. पिना गंजल्या आहेत, कागद पिवळा पडून घडीवर तुटू लागला आहे.

अशा पुस्तिका आता मोबाइलने किंवा स्कॅनरने टिपल्या जातात, ही चांगली गोष्ट आहे. टिपताना सोयीसाठी पुस्तिका उघडी ठेवून दोन्ही पृष्ठे एकाच चित्रात घेतली जातात. या दोन पृष्ठांच्या चित्राला आपण ‘जोडपान’ म्हणू. जोडपानांचीच पीडीएफ केली तर मोबाइलच्या पडद्यावर अक्षर बारीक दिसते. संगणकाकडून मजकूर ओळखून घ्यायचा म्हटले, तर तो पुष्कळदा डावीकडील ओळ संपताच उजवीकडील पृष्ठावरची ओळ तिला जोडतो. म्हणून जोडपानाचे दोन भाग करून एकेरी पृष्ठे घडवावी लागतात. कापण्याचे काम क्षणाचे आहे. कापलेल्या पृष्ठांना वाचनाच्या क्रमाने लावणे हे खरे काम, आणि या लेखात मुख्यतः त्याचाच विचार केला आहे.

क्रम चुकल्याने काय होते, हे भीमगीतांच्या चोपडीत सहज समजेल. शेवटच्या कडव्यात कवीने आपले नाव गुंफायचे, अशी आपल्या शाहिरांची रीत आहे. गीत एका पृष्ठावर सुरू होऊन पुढच्या पृष्ठावर संपते. मधले पृष्ठ भलतेच आले आणि दोन्ही गीतांची चाल एकच असली, तर वाचणाऱ्याला काही खटकत नाही. तो एका शाहिराची पहिली तीन कडवी दुसऱ्याच्या नावानिशी वाचून मोकळा होतो. मूळ चोपडीचा कागद एकदा विरला की ती गीते कायमची दुसऱ्याच्या नावावर जमा होतात.

प्रथम सोपी स्थिती पाहू. पुस्तिका अद्याप शिवलेली आहे आणि एकेक पान उलटत तिचे चित्र घेतले आहे. मराठी पुस्तकात १ हे पृष्ठ उजवीकडे येते. त्यामुळे विषम आकडे नेहमी उजवीकडे आणि सम आकडे डावीकडे असतात. जोडपाने २ व ३, ४ व ५, ६ व ७ अशी दिसतात आणि डावा भाग आधी, उजवा भाग नंतर असा क्रम लावला की काम होते. मात्र पहिल्या आणि अखेरच्या चित्रात बहुधा मुखपृष्ठ किंवा मलपृष्ठ एकटेच असते. सर्व चित्रे सरसकट मधोमध कापणाऱ्याच्या हाती मुखपृष्ठाचे दोन उभे तुकडे येतात आणि पुढचा हिशेब एकाने सरकतो. म्हणून कापण्यापूर्वी चित्रांची रुंदी पाहावी. डेमी अष्टपत्री पुस्तिकेचे पृष्ठ साधारण साडेपाच इंच रुंद व साडेआठ इंच उंच असते; त्याचे जोडपान अकरा इंच रुंद होते. उंचीपेक्षा रुंदी अधिक असलेली चित्रे तेवढी कापायची, उभी चित्रे तशीच ठेवायची.

याच स्थितीत आणखी एक दोष पुनःपुन्हा आढळतो. स्कॅनरवर ठेवण्याच्या सोयीसाठी पुस्तिका उलटी धरली जाते आणि चित्रात अक्षरे डोक्यावर उभी असतात. अशा चित्राच्या डाव्या बाजूला प्रत्यक्षात उजवे पृष्ठ असते. चित्र आधी कापून मग तुकडे सरळ केले तर प्रत्येक पृष्ठ वाचता येते, पण क्रम ३, २, ५, ४, ७, ६ असा लागतो. आकड्यांची ही विशिष्ट अदलाबदल दिसली की कारण शोधत बसण्याची गरज नाही. मूळ चित्र आधी सरळ करून नंतर कापावे. मोबाइलच्या चित्रांत हा दोष लपून राहतो; कारण मोबाइल चित्र आडवेच साठवतो आणि ‘दाखवताना फिरवावे’ अशी नोंद त्यासोबत ठेवतो. पडद्यावर सरळ दिसणारे चित्र कापणाऱ्या प्रणालीला आडवेच दिसू शकते. खाली दिलेल्या आज्ञेतील `-auto-orient` हा शब्द त्याच नोंदीप्रमाणे चित्र प्रथम फिरवून घेतो.

आता अवघड स्थितीकडे वळू. जुन्या चोपड्यांच्या बाबतीत नेमकी हीच अधिक आढळते. पिना गंजून निघाल्या आहेत, किंवा कागद फाटू नये म्हणून आपणच त्या काढल्या आहेत, आणि घडीचे सुटे कागद उलगडून सपाट टिपले आहेत. अशा एका कागदाला येथे ‘ताव’ म्हटले आहे. (छापखान्यातला ताव याहून मोठा असतो, हे मुद्रणव्यवसायातील वाचकांनी क्षमाभावाने चालवून घ्यावे.) एका तावावर चार पृष्ठे असतात, प्रत्येक बाजूला दोन. परंतु ही दोन पृष्ठे वाचनात शेजारी येत नाहीत. सोळा पृष्ठांच्या चोपडीतील सर्वांत बाहेरच्या तावावर एका बाजूस १६ व १, तर पाठीमागे २ व १५ ही पृष्ठे असतात. चार तावांची मांडणी पुढीलप्रमाणे होते. ‘t1’ म्हणजे सर्वांत बाहेरचा ताव, ‘a’ म्हणजे त्याची बाहेरची बाजू आणि ‘b’ म्हणजे आतली.

```
t1a  16 | 1     t1b   2 | 15
t2a  14 | 3     t2b   4 | 13
t3a  12 | 5     t3b   6 | 11
t4a  10 | 7     t4b   8 | 9
```

या मांडणीत दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. सम आकडा डावीकडे व विषम उजवीकडे हा नियम येथेही तंतोतंत पाळला गेला आहे. त्यामुळे केवळ सम-विषम पाहून समाधान मानणाऱ्याला काहीच चुकीचे वाटत नाही आणि तो १६, १, २, १५, १४, ३ अशी पीडीएफ तयार करून मोकळा होतो. दुसरी गोष्ट अशी, की प्रत्येक बाजूवरील दोन आकड्यांची बेरीज सतरा आहे, म्हणजे एकूण पृष्ठांपेक्षा एकाने अधिक. हीच खरी कसोटी होय. दोन आकड्यांत एकाचेच अंतर असेल तर चित्र उघडलेल्या पुस्तिकेचे आहे. बेरीज प्रत्येक चित्रात तीच येत असेल तर चित्र सुट्या तावाचे आहे. या दोन्ही कसोट्यांना एकाच वेळी उतरणारे जोडपान एकच, ते म्हणजे अगदी मधले, येथे ८ व ९. त्यावरूनच निर्णय करण्याच्या मोहात पडू नये. शेजारचे आणखी एक चित्र पाहावे.

वाचनक्रम मिळवण्यासाठी वरची मांडणी दोनदा चालावी लागते. प्रथम वरून खाली जाताना प्रत्येक तावाच्या बाहेरच्या बाजूचा उजवा भाग आणि आतल्या बाजूचा डावा भाग घ्यायचा. त्यातून १ ते ८ मिळतात. मग खालून वर येताना आतल्या बाजूचा उजवा भाग आणि बाहेरच्या बाजूचा डावा भाग घ्यायचा. त्यातून ९ ते १६ मिळतात. दुमडलेल्या चोपडीची पाने आपण याच मार्गाने उलटतो. ज्यांना हे मनात उभे राहत नाही त्यांनी चार कोरे कागद एकत्र दुमडून त्यांवर १ ते १६ आकडे घालावेत व मग ते सुटे करून पाहावेत. दहा मिनिटांच्या या खेळाने जे कळते ते वर्णनाने कळत नाही.

एक उदाहरण तपशिलाने घेऊ. भीमगीतांची एक चोपडी समोर आहे. पाच सुटे ताव आहेत, त्यांपैकी एक जाड निळ्या कागदाचा, म्हणजे आवरणाचा. पृष्ठ १ हे शीर्षकपृष्ठ असून पृष्ठ २ वर प्रकाशकाचे निवेदन आहे. दोहोंवर आकडे नाहीत. आधी दोन्ही आकडे स्पष्ट असलेली एखादी बाजू शोधायची. ती सापडते ६ व ११ ची. बेरीज सतरा, म्हणून आतील पृष्ठे सोळा, म्हणून आतले ताव चार असायला हवेत. मोजले तर चारच आहेत, याचा अर्थ काही हरवलेले नाही. दुसऱ्या एका तावावर डावीकडे ८ स्पष्ट आहे, पण उजवीकडे गंजाच्या डागाखालचा आकडा १ की ९ हे कळत नाही. आपल्या देवनागरीत ही जोडी नेहमीच फसवते. सतरातून आठ वजा केले की ९ येतात, शंका मिटली. १६ च्या शेजारचे आकडा नसलेले पृष्ठ १ आणि १५ च्या शेजारचे २ हेही असेच ठरते.

निळ्या आवरणाचा हिशेब वेगळा करावा. आवरणाचे पृष्ठ बहुधा मोजणीत धरलेले नसते. उलगडून टिपले असता त्याच्या बाहेरच्या बाजूला डावीकडे मलपृष्ठ आणि उजवीकडे मुखपृष्ठ येते. म्हणजे एकाच चित्राचा उजवा भाग पीडीएफमध्ये सर्वांत आधी आणि डावा भाग सर्वांत शेवटी जायला हवा. आतल्या बाजूचा डावा भाग मुखपृष्ठाच्या लगेच नंतर आणि उजवा भाग मलपृष्ठाच्या लगेच आधी ठेवायचा. शिवलेल्या पुस्तिकेचेही आवरण कधी कधी असे पसरून टिपलेले असते. बाकी सारी पाने बरोबर लागतात आणि मलपृष्ठ मात्र पहिले पान होऊन बसते.

कापण्यासाठी `magick` ही मोफत प्रणाली पुरेशी आहे. एका तावाच्या एका बाजूचे काम असे होते.

```
magick t1a.png -auto-orient -crop 2x1@ +repage t1a-%d.png
mv -n t1a-0.png p16.png
mv -n t1a-1.png p01.png
```

पहिल्या ओळीने चित्राचे समान दोन भाग होतात. ० क्रमांकाचा भाग डावा आणि १ क्रमांकाचा उजवा. पुढच्या दोन ओळींनी त्या भागांना पृष्ठक्रमांकाचे नाव मिळते. फाइलचे नाव हाच येथे क्रम आहे, म्हणून नावात आकडे नेहमी दोन अंकी लिहावेत. `p2` आणि `p10` अशी नावे दिली तर वर्णानुक्रमाने `p10` आधी लागतो. `mv` नंतरचा `-n` मुद्दाम घातला आहे. चुकून दोन पृष्ठांना एकच नाव दिले गेले तर आधीचे पृष्ठ त्यामुळे पुसले जात नाही. आवरणाच्या चार पृष्ठांना `p00a`, `p00b`, `p17a`, `p17b` अशी नावे दिली की ती आपोआप दोन्ही टोकांना जातात.

समान भागांत कापणे मात्र घडी चित्राच्या मधोमध असेल तरच योग्य. सुटा ताव स्कॅनरवर नीट बसवून कडा छाटल्या असतील तर घडी मध्यावर येते. जाड बांधणीचे पुस्तक किंवा हातात मोबाइल धरून घेतलेले चित्र असेल तर ती एका बाजूला सरकते आणि एका पृष्ठाच्या ओळींची शेवटची अक्षरे दुसऱ्या पृष्ठावर जातात. अशा चित्रांसाठी ScanTailor ही प्रणाली वापरावी. तिच्या ‘Split Pages’ या टप्प्यात घडीची रेषा पडद्यावर दिसते आणि हाताने सरकवता येते. ती भागांना `1L` व `2R` अशी नावे देते. अक्षर बाजूचे, आकडा क्रमाचा. उर्दू पुस्तक उजवीकडून डावीकडे वाचले जाते, म्हणून त्यासाठी प्रकल्प उघडतानाच उलट दिशा निवडावी लागते. सुट्या तावांचा क्रम मात्र ही प्रणाली ओळखत नाही. तेथे आकड्यांची बेरीज आपणच करायची.

एखादा ताव हरवला असेल तर? समजा वरच्या चोपडीतील दुसरा ताव नाही. मग ३, ४, १३ व १४ अशी चार पृष्ठे दोन वेगवेगळ्या ठिकाणची गेली. पृष्ठ २ नंतर ५ आलेले पाहून ‘दोन पृष्ठे कमी आहेत’ अशी नोंद करणारा पुढील खंड विसरतो. अशा वेळी उणीव असलेल्या चारही ठिकाणी ‘हे पृष्ठ उपलब्ध नाही’ असे लिहिलेले कोरे पृष्ठ घालावे. वाचकाला तुटलेले गीत तुटलेले म्हणून कळते आणि दुसरी प्रत सापडल्यास पृष्ठ जागच्या जागी बसवता येते.

पृष्ठांवर आकडेच नसलेल्या चोपड्यांना पिनांची साक्ष उपयोगी पडते. पिनेची सलग पाठ सर्वांत बाहेर राहते आणि तिचे दोन पाय आत येऊन सर्वांत मधल्या तावावर वळतात. म्हणून बाहेरच्या तावाच्या घडीवर गंजाची सलग रेघ असते, सर्वांत आतल्या तावावर वळलेल्या पायांच्या खुणा असतात आणि मधल्या तावांवर केवळ दोन छिद्रे. पाण्याचा किंवा तेलाचा डागही बाहेरून आत लहान होत जातो. या खुणांवरून तावांची उतरंड लावायची आणि मग गीतांची कडवी जुळतात का ते पाहायचे. या कामात पिन काढण्यापूर्वी घेतलेले एखादे चित्र मोठा आधार देते, म्हणून सुटे करण्याआधी पुस्तिका जशी आहे तशी एकदा टिपून ठेवावी.

मधल्या जोडपानावर कधी दोन्ही पृष्ठांवर पसरलेले एकच छायाचित्र असते. ते मोर्चाचे असो की संमेलनाचे, कापल्यावर घडीवरच्या माणसांचे दोन तुकडे होतात. क्रमासाठी ते कापावेच, परंतु अखंड जोडपानही अखेरीस परिशिष्टासारखे जोडावे, असे माझे मत आहे.

पोथीचा प्रकार याहून निराळा. पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरासारख्या, १९१७ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेत हस्तलिखित पोथ्यांचा मोठा संग्रह आहे. जुन्या घरांतूनही बासनात बांधलेल्या पोथ्या निघतात. त्यांची लांबट सुटी पाने वरच्या दिशेने उलटली जातात, म्हणून तेथे चित्र आडवे कापावे लागते आणि वरच्या आज्ञेत `2x1@` ऐवजी `1x2@` येते. आकडा पृष्ठाला नसून पत्राला असतो आणि आपल्याकडे बहुधा पत्राच्या मागच्या बाजूवर लिहिलेला आढळतो. म्हणजे ज्या बाजूवर ५ लिहिले आहे ती पाचव्या पत्राची दुसरी बाजू. कोणी पाचवे व सहावे पत्र एकाखाली एक ठेवून आधी दोन्हींची पुढची बाजू आणि नंतर दोन्हींची मागची बाजू टिपली, तर वरून खाली कापताना पाचव्याची पुढची, सहाव्याची पुढची, पाचव्याची मागची, सहाव्याची मागची असा क्रम लागतो. मधली दोन पृष्ठे एकमेकांच्या जागी बदलली की तो बरोबर होतो.

सर्व पृष्ठांना नावे मिळाल्यानंतर पीडीएफ एका ओळीत तयार होते.

```
img2pdf p*.png -o pustika.pdf
```

ही प्रणाली चित्राचा दर्जा न घटवता ती जशीच्या तशी पीडीएफमध्ये बसवते आणि `p*.png` मुळे क्रम नावांप्रमाणे लागतो. तयार पीडीएफ प्रथम पृष्ठसंख्येने तपासावी. आपल्या उदाहरणात सोळा आणि आवरणाची चार मिळून वीस पृष्ठे हवीत. नंतर प्रत्येक पृष्ठाची शेवटची ओळ व पुढच्या पृष्ठाची पहिली ओळ एवढेच वाचत जावे. केवळ आकडे पाहणे पुरेसे नाही, कारण छापखान्यात आकडेही कधी चुकीचे पडलेले असतात; अशा ठिकाणी गीताचा धागा प्रमाण मानावा. तपासणी झाल्यावरही न कापलेली मूळ चित्रे पुसू नयेत. त्यांच्या फोल्डरमध्ये कोणत्या चित्राच्या कोणत्या भागाला कोणता पृष्ठक्रमांक दिला, त्याची वर दाखवल्यासारखी चार ओळींची नोंद ठेवावी. दुसरी प्रत मिळाली की पहिली तुलना त्या नोंदीशीच करावी लागते.